टीव्हीवर गेम मागे पडतोय? सेटिंग बदलण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याने लॅग मोजा

नाशिकमध्ये लोकांच्या घरी कॉम्प्युटर, टीव्ही, गेमिंगचं सामान जोडून द्यायचं काम मी करतो. सिडको, इंदिरानगर, पंचवटी, कुठेही गेलो तरी एक तक्रार हमखास येते: "दादा, टीव्हीवर गेम लेट चालतो." मी पोहोचेपर्यंत कोणी महागडी केबल आणलेली असते, कोणी रॅम वाढवलेली असते, कोणी टीव्हीच विकायला काढलेला असतो. उशीर नेमका किती आणि तो कुठून येतो, हे मात्र कोणी मोजलेलं नसतं. मोजायला स्लो मोशनवाला फोन आणि अर्धा तास पुरतो.

आधी लक्षणं बघा

हा दोष असा ओळखायचा: की दाबल्यावर पात्र हलायला जाणवेल इतका वेळ लागतो, पण एकदा हललं की चित्र न अडखळता छान सरकतं. तोच गेम लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर बरा वाटतो आणि एचडीएमआयने टीव्हीला जोडला की हाताखाली रबर लावल्यासारखा होतो. डेस्कटॉपवर माऊस गोल फिरवला तरी बाण हाताच्या मागून येतो. उशीर दिवसभर सारखाच असतो, रात्री वाढला आणि सकाळी कमी झाला असं होत नाही.

याच्यासारखेच दिसणारे तीन वेगळे त्रास आहेत, ते आधी बाजूला काढा, नाहीतर पुढचं मोजमाप वाया जाईल. ऑनलाइन शूटरमध्ये क्रॉसहेअर हाताबरोबर फिरतो पण गोळी लागल्याचं उशिरा कळतं, तर तो पिंग आहे. तो इंटरनेटचा प्रश्न, टीव्हीचा नाही. चित्र मध्येच थांबून उडी मारतं, तर कॉम्प्युटरला फ्रेम वेळेवर बनवता येत नाहीत. आणि चित्र वेळेवर पण आवाज मागून येतो, तर बहुतेक ब्लूटूथ हेडफोन असतो. तो काढून वायरवाला लावा, दोन मिनिटांत खात्री होते.

या तिन्हींपैकी काही नसेल तर पुढे वाचा.

पहिली तपासणी: रिफ्रेश रेट

पैसा लागत नाही, एक मिनिट लागतं. टीव्ही जोडलेला असताना विंडोजमध्ये Settings, मग System, मग Display, मग Advanced display उघडा आणि टीव्हीच्या नावापुढे किती हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, लिहिलंय ते बघा. तिथे ३० दिसलं तर अर्धा चोर इथेच सापडला.

असं होतं कारण एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळाच जातं. टीव्ही नवा असतो, पण लॅपटॉपचा पोर्ट जुना असतो किंवा मधला टाइप-सी ॲडॅप्टर स्वस्तातला असतो. विंडोज गुपचूप फोर-के आणि ३० हर्ट्झ निवडतं, चित्र सुंदर दिसतं म्हणून कोणाला शंका येत नाही. ६० हर्ट्झला प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० ला ३३.३. शिवाय मधला प्रत्येक टप्पा चित्राच्या हिशोबाने थांबत असल्यामुळे उशीर एकाच ठिकाणी नाही, दोन-तीन ठिकाणी वाढतो. उपाय साधा आहे: रिझोल्यूशन १९२० × १०८० करा आणि ६० हर्ट्झ निवडा. सोफ्यावरून खेळताना हा फरक डोळ्याला फारसा कळत नाही, हाताला लगेच कळतो.

याच वेळी लॅपटॉप आणि टीव्हीच्या मध्ये स्प्लिटर, साउंडबार असं काही असेल तर ते काढून केबल सरळ टीव्हीत लावा. केबलबद्दल एक स्पष्ट सांगतो. केबल लॅग वाढवतही नाही आणि कमीही करत नाही. खराब केबलने चित्र तुटेल, ठिपके येतील, ६० हर्ट्झ मिळणार नाही. पण "लो लॅग गेमिंग केबल" म्हणून जे विकतात त्यात लॅगपुरतं काहीच नसतं.

आता मोजमाप

इथे जरा सावकाश वाचा, कारण पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर घ्यायचे आहेत.

कल्पना अशी: बोट आणि स्क्रीन दोन्ही एकाच स्लो मोशन व्हिडिओत घ्यायचे. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत, की खाली टेकल्यापासून स्क्रीन बदलेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजायचं. फोन सेकंदाला २४० फ्रेम घेत असेल तर एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. १२० वाला असेल तर ८.३३. आपण शोधतोय तो उशीर बहुतेक वेळा ५० ते १०० मिलिसेकंदांचा असतो, त्यामुळे १२० वाला फोनही चालतो. फोनवर ९६० लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. बऱ्याच फोनमध्ये त्यातल्या मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बनवलेल्या असतात. ओळखायची खूण म्हणजे फ्रेम थांबवल्यावर बोट दुहेरी, भुतासारखं दिसतं, किंवा लागोपाठच्या दोन-तीन फ्रेम हुबेहूब सारख्या निघतात. तसं दिसलं तर खालच्या वेगावर या.

स्क्रीन बदलण्यासाठी एक छोटं पान बनवा. नोटपॅडमध्ये हे लिहून `test.html` नावाने सेव्ह करा आणि ब्राउझरमध्ये उघडा:

```html
<body style="background:#333">
<script>
const b = document.body.style;
document.onkeydown = () => b.background = "white";
document.onkeyup   = () => b.background = "#333";
</script>
```

F11 दाबून पान पूर्ण स्क्रीनवर घ्या. कुठलीही की दाबली की स्क्रीन पांढरी होते, सोडली की राखाडी. पूर्ण काळा रंग मुद्दाम घेतलेला नाही. काही टीव्ही सगळी स्क्रीन काळी दिसली की मागचा दिवा मंद करतात किंवा बंदच करतात, आणि तो परत उजळायला लागणारा वेळ तुमच्या मोजमापात घुसतो.

वायरवाला वेगळा कीबोर्ड घ्या आणि तो टीव्हीच्या शेजारी, स्क्रीनच्या मधल्या उंचीवर कोणाला तरी धरायला सांगा. फोन आडवा धरा. या उंचीला दोन कारणं आहेत. टीव्ही चित्र वरून खाली रंगवत जातो, ६० हर्ट्झला वरची कड आणि खालची कड यांत जवळजवळ १६ मिलिसेकंदांचा फरक पडतो. स्लो मोशनमध्ये पांढरा पट्टा पडद्यासारखा खाली उतरताना तुम्हाला दिसेलही. म्हणून दरवेळी मधलीच जागा बघायची. दुसरं, फोनचा सेन्सरही ओळीओळीने वाचतो. बोट आणि बघायची जागा एकाच उंचीवर असली की दोन्ही जवळपास एकाच क्षणी टिपल्या जातात.

खोलीत उजेड भरपूर हवा, शक्यतो खिडकीचा. अंधारात फोन स्वतःच वेग कमी करतो. साधा एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे व्हिडिओतल्या फ्रेम उजळ-अंधाऱ्या होतात आणि स्क्रीन नक्की कधी बदलली यावर वाद होतो. मी हे काम दिवसाच करतो.

की जोरात, एका झटक्यात दाबा. हळू दाबली तर ती "खाली टेकली" कधी हे ठरवताना तीन-चार फ्रेम इकडेतिकडे होतील. कॅप्स लॉकचा दिवा पेटला तिथून मोजायचा मोह अनेकांना होतो, कारण दिवा स्पष्ट दिसतो. तो धरू नका. यूएसबी कीबोर्डचा तो दिवा कॉम्प्युटरने उलट निरोप पाठवल्यावर पेटतो, म्हणजे अर्धा प्रवास झाल्यावर. आकडा कमी येईल आणि खोटा येईल.

मधे एकेक सेकंद सोडून दहा वेळा दाबा. एका दाबण्यावर काहीच ठरत नाही. तुमची की कधी स्क्रीनचं चित्र बदलायच्या जरा आधी पडते, कधी जरा नंतर, त्यामुळे ६० हर्ट्झला आकडे आपोआप चार फ्रेमच्या आसपास पसरतात. दहांची सरासरी घेतली की हा फरक मिटतो.

व्हिडिओ फोनच्या गॅलरीत मोजू नका. काही फोन सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नेहमीच्या वेगाने दाखवतात. मूळ फाइल केबलने कॉम्प्युटरवर घ्या, व्हॉट्सॲपने पाठवू नका, तिथे ती दाबली जाते आणि फ्रेम गळतात. व्हीएलसीमध्ये उघडून E दाबत राहिलं की एकेक फ्रेम पुढे जाते. मोजणीची सुरुवात की तळाला टेकलेल्या पहिल्या फ्रेमपासून, शेवट मधल्या जागी पांढरेपणा पहिल्यांदा जाणवेल त्या फ्रेमवर. पूर्ण पांढरं होण्याची वाट पाहू नका.

टीव्हीचा वाटा वेगळा कसा काढायचा

आलेला आकडा एकट्या टीव्हीचा नसतो. त्यात कीबोर्ड, विंडोज, ब्राउझर, सगळ्यांचा वेळ मिसळलेला असतो. हे न ओळखता लोक १५० मिलिसेकंद बघून टीव्हीला शिव्या घालतात. म्हणून तीच चाचणी, त्याच कीबोर्डने, त्याच फोनने, लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर करायची. लॅपटॉपच्या आतल्या स्क्रीनवर चित्र सजवायचं काम जवळजवळ होत नाही, त्यामुळे तिला पाया धरता येतं. दोन सरासऱ्यांमधला फरक म्हणजे टीव्हीने वाढवलेला उशीर. कीबोर्डचा, ब्राउझरचा, तुमच्या मोजण्याच्या सवयीचा भाग दोन्हीकडे सारखाच असल्याने वजाबाकीत निघून जातो.

दोन अटी पाळा. लॅपटॉप १४४ हर्ट्झचा असेल तर तुलनेपुरता तो ६० वर आणा, नाहीतर टीव्हीचा दोष उगाच फुगेल. आणि दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र ठेवून मोजू नका. Win+P दाबून टीव्हीच्या वेळी "Second screen only" आणि लॅपटॉपच्या वेळी "PC screen only" घ्या. डुप्लिकेटमध्ये एक स्क्रीन दुसरीसाठी थांबू शकते.

एक खरं उदाहरण घेऊ. सिडकोतला कॉलेजचा मुलगा, घरी ४३ इंची टीव्ही, लॅपटॉपवर फायटिंग गेम, खेळतो कीबोर्डवर. रिफ्रेश रेट ६० होता, मध्ये स्प्लिटर नव्हता. फोन २४० चा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर आकडे १० ते १४ फ्रेममध्ये आले, सरासरी १२, म्हणजे ५० मिलिसेकंद. टीव्हीवर ३५ ते ४०, सरासरी ३७, म्हणजे १५४. फरक २५ फ्रेम, १०४ मिलिसेकंद. एवढं टीव्ही एकटा खात होता.

सरासरीइतकाच पसारा, म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्यातलं अंतर बघा, ही गोष्ट मला फार उपयोगी पडते. टीव्हीवरचा आकडा मोठा होता पण पसारा तेवढाच राहिला, पाचेक फ्रेमचा. टीव्ही चित्राला दरवेळी सारखाच वेळ थांबवतो, त्यामुळे तो आकडा वर ढकलतो, विस्कटत नाही. तुमचे आकडे १२, ३०, १५, २७ असे उड्या मारत असतील तर टीव्हीच्या मेन्यूत जाऊच नका. मग संशय कॉम्प्युटरवर घ्यायचा: लॅपटॉप बॅटरीवर चालतोय का, मागे अपडेट उतरतंय का, कीबोर्ड वायरलेस आहे का.

दुसरी तपासणी: गेम मोड

टीव्ही चित्राला थांबवतो कारण तो त्यावर काम करत असतो. चित्रातले बारीक ठिपके पुसणं, कडा धारदार करणं, आणि सगळ्यात महागडं म्हणजे दोन चित्रांच्या मध्ये स्वतः तिसरं बनवून हालचाल गुळगुळीत करणं. मधलं चित्र बनवायला पुढचं चित्र हातात असावं लागतं, म्हणजे टीव्हीला निदान एक चित्र थांबावंच लागतं. मालिका बघताना याने काही बिघडत नाही, आवाजही तेवढाच मागे ठेवलेला असतो.

गेम मोड लावला की यातलं बहुतेक काम बंद होतं. मेन्यूत तो पिक्चर मोडमध्ये असतो किंवा जनरल सेटिंगमध्ये. काही टीव्हीत त्या इनपुटचं नाव किंवा चिन्ह बदलून पीसी केलं तरी हेच होतं. एचडीएमआय २.१ बरोबर आलेली ऑटो लो लेटन्सी सोय असेल तर कन्सोल जोडल्यावर टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो, पण लॅपटॉपच्या बाबतीत त्यावर विसंबू नका, हाताने लावा.

सिडकोच्या घरी खरी अडचण तंत्राची नव्हतीच. वडील म्हणाले, "अहो, रंग फिके करू नका, आम्हाला बातम्या बघायच्यात." बहुतेक टीव्हीत हे सेटिंग प्रत्येक पोर्टला वेगळं राहतं. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय १ वर आहे तसा झगमगीत राहू दिला, लॅपटॉप एचडीएमआय २ वर नेला आणि फक्त तिथे गेम मोड लावला. याचीच उलटी बाजूही लक्षात ठेवा: महिनाभराने कोणी केबल दुसऱ्या पोर्टला लावली की लॅग "परत आला" अशी तक्रार येते. टीव्ही बिघडलेला नसतो, पोर्ट बदललेला असतो. हा दोष वारंवार येतो तो यासाठीच.

गेम मोड लावल्यावर पुन्हा दहा वेळा मोजलं. सरासरी १७ फ्रेम, ७१ मिलिसेकंद. लॅपटॉपपेक्षा फरक फक्त ५ फ्रेम, २१ मिलिसेकंद. ६० हर्ट्झच्या टीव्हीसाठी हा चांगला आकडा आहे, यापुढे टीव्हीच्या मेन्यूत शोधण्यासारखं फार उरत नाही.

तिसरी तपासणी: गेम स्वतः किती खातो

पानावरचा आकडा सुधारला तरी गेममध्ये उशीर जाणवत असेल तर तीच चाचणी गेममध्ये करा. ट्रेनिंग मोडमध्ये जा, पात्र उभं असताना साधा ठोसा मारा आणि शरीर हललं ती पहिली फ्रेम धरा. उडी घेऊ नका, उडीआधी पात्र क्षणभर वाकतं आणि मोजणारे तेवढं सोडून देतात. शूटरमध्ये बंदुकीच्या नळीवरची चमक बघायची, आणि तिथे कीबोर्डऐवजी माऊस धरायचा. मेन्यूतला उशीर खेळातल्यापेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून मोजायचं ते खेळातच.

आमच्या उदाहरणात गेममध्ये २९ फ्रेम आल्या, १२१ मिलिसेकंद. पानावर १७ होत्या, म्हणजे १२ फ्रेम, ५० मिलिसेकंद गेमचे. सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू होतं. व्ही-सिंक तयार चित्राला स्क्रीनच्या पुढच्या फेरीपर्यंत रांगेत उभं करतं, आणि रांगेत दोन-तीन चित्रं साचली की उशीर तेवढ्या पटीने वाढतो. ते बंद केल्यावर २० फ्रेम आल्या, ८३ मिलिसेकंद. बदल्यात चित्र कधीकधी आडवं फाटल्यासारखं दिसतं. त्या मुलाला ते चाललं. तुम्हाला डोळ्यात खुपत असेल तर व्ही-सिंक ठेवून ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधला लो लेटन्सी पर्याय लावून बघा आणि परत मोजा. वाटण्यावर जाऊ नका, सेटिंग बदललं की सगळ्यांनाच फरक "वाटतो".

आकडा चांगला की वाईट, हे गेम ठरवतो

८३ मिलिसेकंद पुरेसे आहेत का, याला एकच उत्तर नाही. गेम तुमच्याकडून काय मागतो ते बघायचं.

फायटिंग गेमचा हिशोब सगळ्यात स्वच्छ निघतो, कारण तिथे सगळं सेकंदाला ६० फ्रेमच्या मापात चालतं. इथली फ्रेम गेमची, १६.७ मिलिसेकंदांची, फोनची नाही. समोरच्याने डोक्यावरून येणारा वार सुरू केला आणि तो लागायला २० फ्रेम लागत असतील, तर तुमच्याकडे एकूण ३३३ मिलिसेकंद आहेत. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि काय करायचं हे निवडायचं असेल तर जास्तच. आता वजा करा. सुरुवातीला टीव्हीच्या साध्या मोडच्या ३७ आणि व्ही-सिंकसकट गेमच्या १२ धरून एकूण उशीर फोनच्या ४९ फ्रेम, म्हणजे २०४ मिलिसेकंद होता. ३३३ मधून तो गेला की उरतात १२९. एवढ्यात कोणी अडवू शकत नाही, सराव कितीही करा. गेम मोडनंतर १२१ वजा जाऊन २१२ उरले, म्हणजे ताजा असताना जमेल, थकल्यावर नाही. व्ही-सिंक बंद केल्यावर २५० उरले. तो मुलगा "माझे हात स्लो आहेत" म्हणत होता. हातांचा काही दोष नव्हता.

क्रिकेटच्या गेमचं तसं नाही. तिथे गोलंदाज धावत येतो, टप्पा दिसतो, चेंडू कधी पोहोचणार याचा अंदाज आधी येतो. म्हणजे तुम्ही दिसल्यावर दाबत नाही, अंदाजाने दाबता. उशीर ठरावीक असेल तर दोन-चार षटकांत हात आपोआप लवकर दाबायला शिकतो. १२० मिलिसेकंदांवरही लोक मजेत शतकं ठोकतात. त्रास होतो तो तीच व्यक्ती एक दिवस लॅपटॉपवर आणि एक दिवस टीव्हीवर खेळते तेव्हा, कारण अंदाज दरवेळी नव्याने बसवावा लागतो. आणि आकड्यांचा पसारा मोठा असेल तर अंदाज बसतच नाही. क्रिकेटमध्ये सरासरीपेक्षा पसारा जास्त मारतो.

तालावर दाबायच्या गेममध्ये दाबायला मिळणारा वेळ फार थोडा असतो, पण तिथे बहुधा कॅलिब्रेशनची सोय मिळते. उशीर ठरावीक असला की गेम तेवढं सरकवून घेतो. म्हणून १०० मिलिसेकंदांचा स्थिर टीव्ही तिथे चालून जातो.

माऊसने नेम धरायच्या शूटरला अशी सूट नाही. तिथे हात सतत फिरत असतो आणि डोळा त्याला सतत सुधारत असतो. प्रत्येक सुधारणा उशिरा पोहोचली की नेम लक्ष्याच्या पुढे जातो आणि परत आणावा लागतो. माझा स्वतःचा निकष असा: गेममध्ये मोजलेला एकूण आकडा ६० मिलिसेकंदांच्या आत असेल तर टीव्हीवर निवांत खेळा, १०० च्या पुढे असेल तर रँक मॅच लॅपटॉपच्या स्क्रीनवरच खेळा. मधल्या पट्ट्यात ज्याचं त्याने ठरवावं. कंट्रोलरने खेळणाऱ्याला हाच आकडा कमी टोचतो. आणि बुद्धिबळ, पत्ते किंवा आळीपाळीचे गेम खेळत असाल तर हा सगळा खटाटोप करू नका.

घरी फक्त कन्सोल असेल तर लॅपटॉपचा पाया मिळत नाही. मित्राचा कॉम्प्युटर मॉनिटर तासाभरासाठी आणा, त्यावर आणि टीव्हीवर तोच गेम, तेच बटण दाबून मोजा. फरक तसाच काढायचा.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

गेम मोड लावून, ६० हर्ट्झ मिळूनही टीव्हीचा फरक ५० मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर तो त्या मॉडेलचा स्वभाव आहे. टीव्हीचं अधिकृत सॉफ्टवेअर अपडेट असेल तर ते घालून एकदा परत मोजा, आणि तिथे थांबा. हा दुरुस्तीचा विषय नाही. "बोर्ड बदलला की लॅग जाईल" असं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका, तोच बोर्ड तेवढाच वेळ घेणार. टीव्ही नवा असेल तर बदलून मिळण्याची मुदत बघा आणि दुकानात व्हिडिओ दाखवा. नवा घेताना एम. जी. रोडवर असो की मॉलमध्ये, दुकानदाराला आपला लॅपटॉप जोडू द्यायला सांगा आणि तिथेच दहा वेळा की दाबून व्हिडिओ घ्या. जो नाही म्हणेल त्याच्याकडून मी गेमसाठी टीव्ही घेत नाही.

टीव्हीचा गुप्त सर्व्हिस मेन्यू उघडून आकडे बदलायच्या भानगडीत पडू नका. एक चुकीचा पॅनेल नंबर पडला की चित्रच येत नाही. मागचं झाकण तर उघडूच नका. प्लग काढल्यावरही पॉवर बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतका भार राहू शकतो.

टेक्निशियनला बोलवायचं ते या वेळी: एका पोर्टला ६० हर्ट्झ मिळतं आणि तीच केबल दुसऱ्या त्याच क्षमतेच्या पोर्टला लावली की मिळत नाही, प्लग हलवला की चित्र जातं किंवा ठिपके येतात, टीव्ही तापल्यावर चित्र अडखळतं आणि थंड झाल्यावर सुधारतं, किंवा मॅन्युअलमध्ये गेम मोड लिहिलेला असून मेन्यूत तो फिका पडलेला आहे आणि फॅक्टरी रिसेट केल्यावरही उघडत नाही. वॉरंटी असेल तर कंपनीच्याच सेवा केंद्राला फोन करा, बाहेरच्या माणसाला स्क्रूला हात लावू देऊ नका. टेक्निशियन येईल तेव्हा गेम मोडच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही व्हिडिओ तयार ठेवा. "लेट चालतो" म्हटलं की तो केबल बदलून जाईल. ३७ फ्रेम आणि १७ फ्रेम दाखवल्या की त्याला मुद्द्यावर यावंच लागतं.